अटकेची कारणे लेखी मिळण्याचा हक्क : तुर्भ्यातील कायदेविषयक शिबिरासाठी भाषणाचा मसुदा

घणसोलीकर

मी विधी स्वयंसेवक म्हणून काम करतो. येत्या रविवारी तुर्भ्याच्या एका वस्तीत कायदेविषयक शिबिर आहे आणि अटक झालेल्या व्यक्तीच्या हक्कांवर बोलण्यासाठी मला वीस मिनिटे दिली आहेत. समोर कंत्राटी कामगार, रिक्षाचालक आणि घरकाम करणाऱ्या महिला असतील. सगळे हक्क एका दमात सांगितले, तर घरी जाईपर्यंत एकही लक्षात राहणार नाही, म्हणून पहिल्याच हक्कावर, म्हणजे आपल्याला का पकडले हे कळण्याच्या हक्कावर, निम्म्याहून अधिक वेळ द्यावा असे ठरवले आहे. मसुद्यातील सुरुवात अशी आहे :

"मंगळवारी रात्री साडेनऊ वाजता रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका कंत्राटी कामगाराला तांब्याच्या तारेच्या चोरीच्या गुन्ह्यात अटक झाली. अटक पंचनाम्यात कारण लिहिले होते की, सदर आरोपी तपासाकामी आवश्यक असून तो मोकळा राहिल्यास पुरावा नष्ट करण्याची व फरार होण्याची शक्यता आहे. कामगाराने सही केली. त्याच्या पत्नीला फोन गेला. बुधवारी दुपारी तीन वाजता त्याला बेलापूरच्या न्यायालयात हजर केले. आता सांगा, या माणसाला त्याच्या अटकेची कारणे कळली का?"

माझे उत्तर 'नाही' असे आहे. परंतु शिबिरातील माझे सहकारी म्हणतात की, कागद दिला, त्यावर कारण लिहिले, घरी कळवले, मग तक्रार कसली? श्रोत्यांनाही हेच वाटेल, अशी मला धास्ती आहे. हा फरक सोप्या शब्दांत कसा मांडावा?

कोर्टनाका

मी ठाण्याच्या न्यायालयात फौजदारी वकिली करतो. आपले उत्तर बरोबर आहे. ते पटवायचे असेल, तर श्रोत्यांना पंचनाम्यातील ते वाक्य पुन्हा वाचायला सांगा आणि आरोपीचे नाव बदलायला सांगा. तेच वाक्य पाकीटमाराला लागू पडते, दरोडेखोराला लागू पडते आणि बनावट सही करणाऱ्यालाही लागू पडते. जे वाक्य कोणालाही चिकटवता येते, त्यातून या कामगाराविरुद्ध पोलिसांकडे नेमके काय आहे ते कळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये प्रबीर पुरकायस्थ यांच्या प्रकरणात हाच भेद केला. पुरावा नष्ट होऊ नये, साक्षीदारांवर दबाव येऊ नये ही अटकेमागची सर्वसाधारण गरज झाली. अटकेची कारणे मात्र त्या एका माणसापुरती आणि त्याच्याविरुद्धच्या तथ्यांची असली पाहिजेत.

आपल्या उदाहरणात खरी कारणे साधारणपणे अशी लिहिली जातील : अमुक तारखेच्या रात्रपाळीत गोदामातून चाळीस किलो तार गेली. सीसीटीव्हीच्या चित्रणात पहाटे पावणेचारच्या सुमारास तुम्ही मागील फाटकातून गोणी नेताना दिसता. ती तार तुमच्याकडून विकत घेतल्याचा जबाब एका भंगार व्यावसायिकाने दिला आहे. म्हणून नोकराने केलेल्या चोरीबद्दल, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०६ खाली, तुम्हाला अटक करण्यात येत आहे.

हा मजकूर हातात आला, की वकिलाला बोलण्यासारखे काही तरी मिळते. त्या आठवड्यात कामगार दिवसपाळीला असेल, तर हजेरीपत्रक दाखवता येते. चित्रणातील माणूस दुसराच असेल, तर तसे म्हणता येते. माल आधीच जप्त झाला असेल, तर पोलीस कोठडी कशासाठी, असे विचारता येते. 'तपासाकामी आवश्यक' एवढ्या शब्दांना उत्तर देणार तरी काय?

निवृत्त अंमलदार

मी पोलीस दलातून निवृत्त झालो आहे, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. वकीलसाहेबांचा भेद मान्य आहे, पण कारणे लेखीच हवीत असे लोकांना सांगू नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये विहान कुमार यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच म्हटले आहे की, कारणे कळवणे बंधनकारक असले, तरी प्रत्येक प्रकरणात ती लेखी देणे आवश्यक नाही. नंतर ऑगस्टमध्ये कर्नाटकातील एका अभिनेत्याचा जामीन रद्द करताना त्याच न्यायालयाने असेही म्हटले की, लेखी कारणे न दिल्याने आरोपीचे काही नुकसान झाले का, ते पाहावे लागेल. शिबिरातून घरी गेलेला माणूस उद्या पोलीस ठाण्यात येऊन 'आधी लिहून द्या, मग हात लावा' असे म्हणू लागला, तर त्याच्यावर शासकीय कामात अडथळा आणल्याचा आणखी एक गुन्हा दाखल होईल.

चहावाला

आमच्या टपरीवर उधारी लिहून दिल्याशिवाय कोणी मान्य करत नाही आणि येथे अटकसुद्धा तोंडी चालते, हे आजच कळले.

कोर्टनाका

अंमलदारसाहेब, आपण सांगितलेले दोन्ही निकाल खरे आहेत, पण त्यानंतरचा निकाल आपल्या लिहिण्यात आलेला नाही. ६ नोव्हेंबर २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्यायमूर्ती ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठाने मिहीर राजेश शहा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात, म्हणजे आपल्याच राज्यातून गेलेल्या प्रकरणात, सर्व गुन्ह्यांसाठी नियम घालून दिला. कारणे लेखी दिली पाहिजेत आणि ती अटक झालेल्या व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत असली पाहिजेत. अटकेच्या क्षणी लिहिणे शक्य नसेल, तर तेव्हा तोंडी सांगावीत, पण लेखी प्रत वाजवी वेळेत आणि कोणत्याही परिस्थितीत रिमांडसाठी दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करण्यापूर्वी किमान दोन तास आधी द्यावी. हे पाळले नाही, तर अटक आणि त्यानंतरचा रिमांड बेकायदेशीर ठरतो.

मनी लाँडरिंग किंवा दहशतवाद यांसारख्या गुन्ह्यांच्या विशेष कायद्यांपुरती असलेली लेखी कारणांची सक्ती यामुळे साध्या चोरीच्या आणि मारामारीच्या गुन्ह्यांपर्यंत आली. शिबिरात येणाऱ्यांचा संबंध बहुधा अशाच गुन्ह्यांशी येतो, म्हणून दोन तासांचा मुद्दा भाषणात असावाच.

आपली दुसरी सूचना मात्र मी पूर्णपणे उचलून धरतो. कागद नाही म्हणून अटकेला अंगाने विरोध करू नये. हा हक्क बजावण्याची जागा दंडाधिकाऱ्यांसमोर आहे, पोलीस ठाण्याच्या दारात नाही.

निवृत्त अंमलदार

हा निकाल वाचला. मध्यरात्री दोन गटांत चाकूहल्ला झाला आणि पोलिसांनी जागेवरच पकडले, तर लिहीत बसता येत नाही, ही अडचण त्यात लक्षात घेतलेली दिसते. तरी एक प्रश्न उरतो. न्यायालयात पुकारा कधी होईल हे तपासी अंमलदाराच्या हातात नसते. अकरा वाजता आरोपीला आणले आणि चार वाजता प्रकरण पुकारले, तर दोन तास कशापासून मागे मोजायचे?

कोर्टनाका

हजर करण्यापूर्वी दोन तास असे शब्द आहेत आणि हजर करणे म्हणजे न्यायालयाच्या आवारात आणणे की दंडाधिकाऱ्यांसमोर उभे करणे, यावर वाद घालता येईल. मी पोलिसांना सल्ला देत असतो, तर आवारात आणण्याच्या वेळेपासून मोजा असे सांगितले असते, म्हणजे भांडणच उरत नाही. आरोपीच्या वकिलाने मात्र कागद प्रत्यक्ष कधी मिळाला, ती वेळ धरून ठेवावी.

कळवा स्थानक

माझ्या मेव्हण्याला व्हॉट्सॲपवर पोलीस ठाण्यात हजर राहण्याची नोटीस आली आहे. जुन्या भागीदाराशी पैशांचा वाद आहे. त्यात अटकेची कारणे लिहिलेली नाहीत. मग ही नोटीस बेकायदेशीर म्हणून तो गेला नाही तर चालेल ना?

कोर्टनाका

आपला प्रश्न अटकेच्या आधीच्या टप्प्यातील आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस म्हणजे अटक न करता चौकशीला बोलावणे, त्यामुळे तिच्यात अटकेची कारणे नसणारच. अशी नोटीस व्हॉट्सॲपवर बजावणे चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये म्हटले आहे, हा मुद्दा आपल्या बाजूचा आहे. पण तेवढ्यावर विसंबून घरी बसू नये. वकिलामार्फत लेखी कळवावे की रीतसर नोटीस द्या, हजर राहतो. नोटिशीचे पालन करणाऱ्याला अटक करायची, तर पोलिसांना तशी गरज लेखी नोंदवावी लागते. ती ढाल हातची घालवू नका.

कळवा स्थानक

आभारी आहे. तो अटकपूर्व जामिनाच्या गोष्टी करत होता, त्याला आधी हे वाचायला देतो.

रात्रपाळी

मी महापे येथील एका कारखान्यात काम करते. गेल्या वर्षी माझ्या भावाला चौकशीसाठी म्हणून सकाळी अकराला नेले. संध्याकाळपर्यंत त्याला उठूही दिले नाही, फोन काढून घेतला आणि कागदावर अटकेची वेळ रात्री साडेनऊ टाकली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला न्यायालयात नेले. पोलीस म्हणाले, चोवीस तास झाले नाहीत. मला तेव्हापासून प्रश्न पडला आहे की, त्या दिवसाचे तास मोजायचे कोणी? कोणते ठाणे ते येथे लिहीत नाही.

कोर्टनाका

ताई, तास अटकेच्या नोंदीपासून मोजायचे नसतात. माणसाच्या जाण्यायेण्यावर प्रत्यक्ष बंधन आले तेव्हापासून अटक सुरू होते, मग कागदावर कोणतीही वेळ असो, असे मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्येच सीमाशुल्क विभागाच्या एका प्रकरणात म्हटले आहे. आपल्या भावाच्या बाबतीत सकाळी अकरापासून दुसऱ्या दिवशीचे पाच म्हणजे तीस तास होतात. प्रवासाचा आवश्यक वेळ वगळता येतो, पण नवी मुंबईतल्या नवी मुंबईत सहा तासांचा प्रवास कोणी सांगू शकणार नाही.

अडचण पुराव्याची येते. बंधन सकाळपासून होते, हे दाखवायला सीसीटीव्हीचे चित्रण, फोनचे लोकेशन, कारखान्याच्या फाटकावरील नोंद, सोबत गेलेल्या नातेवाइकाने त्याच दिवशी पाठवलेला संदेश, असे काही तरी लागते. चित्रण कायम राहत नाही, म्हणून ते जपून ठेवण्याचा अर्ज पहिल्याच हजेरीत द्यावा. वर्ष उलटल्यावर हे कठीण होते, हे खोटे बोलून लपवणार नाही.

रात्रपाळी

मी त्या दिवशी दुपारी भावाच्या मुकादमाला संदेश पाठवला होता की त्याला ठाण्यात बसवून ठेवले आहे. तो संदेश अजून माझ्या फोनमध्ये आहे. वकिलांना दाखवते.

सानपाडा सेक्टर पाच

समजणाऱ्या भाषेचा मुद्दा पुढे न्यावा, असे वाटते. आमच्याकडे काम करणाऱ्या बाईंचे यजमान तमिळ बोलतात, हिंदी जेमतेम समजते, वाचता तर दोन्ही येत नाहीत. त्यांच्या हातात मराठीत टंकलेला कागद दिला आणि मिळाल्याचा अंगठा घेतला, तर नियम पाळला असे म्हणायचे का?

कोर्टनाका

माझ्या मते नाही. हा विचार नवा नाही. नागपूरच्या एका स्थानबद्धतेच्या प्रकरणात कारणे इंग्रजीत दिली होती, त्या गृहस्थांना इंग्रजी येत नव्हते आणि त्यांनी हिंदी भाषांतर मागितले असता ते नाकारले गेले. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कळवणे अपुरे ठरवले. स्थानबद्धता आणि अटक यांचे कायदे वेगळे आहेत, पण न समजणारा कागद म्हणजे न दिलेला कागद, हे तत्त्व दोन्हीकडे लागू होते.

वाचताच येत नसेल, तर कागदाबरोबर तो वाचून व समजावून सांगणे आवश्यक आहे आणि कोणी, कोणत्या भाषेत समजावले, याची नोंद असली पाहिजे.

निवृत्त अंमलदार

रात्री दोन वाजता तमिळ लिहिणारा माणूस कोठून आणायचा, ते कोणी सांगत नाही. आम्ही शेजारच्या इडलीवाल्याला बोलावून समजावून सांगत असू आणि ठाणे दैनंदिनीत तशी नोंद करत असू. तोंडी समजावले आणि मराठी प्रत दिली, एवढे पुरेसे धरले जावे, असे माझे मत आहे. निकालात लेखी व समजणाऱ्या भाषेत असे दोन्ही म्हटले आहे, हे मान्य करूनही सांगतो.

सानपाडा सेक्टर पाच

आपण निदान इडलीवाल्याला बोलावत होता. परंतु दुभाषाला प्रकरणातले काही माहीत नसते आणि त्याने चार वाक्यांची दोन केली, तर ते नंतर कसे कळणार? लेखी प्रतीचा आग्रह त्यासाठीच असावा.

पारसिक

हा धागा वाचून माझ्या आईने विचारले की, व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस 'डिजिटल अटक' करतो, तेव्हा त्यालाही लेखी कारणे मागायची का?

कोर्टनाका

आईंना सांगा की, अशी अटक कायद्यात नाहीच, म्हणून काहीही न मागता फोन ठेवावा आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे. खऱ्या अटकेत अधिकाऱ्याच्या नावाची स्पष्ट पट्टी दिसते, अटक पंचनामा होतो, त्यावर कुटुंबातील किंवा परिसरातील एका तरी प्रतिष्ठित साक्षीदाराची सही असते आणि अटक झालेल्याचीही सही घेतली जाते. पडद्यावरून यातले काहीच होत नाही.

अर्धविराम

मूळ उदाहरणाकडे वळतो. पत्नीला फोन केला, म्हणजे घरच्यांना कारणे कळवली, असे नाही का? आमच्या गृहसंस्थेतील एका प्रकरणात पोलिसांनी न्यायालयात तेच सांगितले होते. शिवाय रिमांड अर्जात सगळी हकीकत असतेच, तो वकिलाला मिळतो.

कोर्टनाका

अटक झाली आणि माणूस अमुक ठाण्यात आहे, एवढे नातेवाइकाला कळवणे हे वेगळे कर्तव्य आहे आणि ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८ मध्ये आहे. विहान कुमार प्रकरणात सरकारने हाच बचाव घेतला होता की पत्नीला कळवले होते. न्यायालयाने तो मानला नाही, कारण अटकेची बातमी देणे आणि अटकेची कारणे देणे या दोन गोष्टी आहेत. रिमांड अर्जात लिहिलेली हकीकत हीसुद्धा आरोपीला कारणे दिल्याची जागा घेत नाही, असेही तेथे म्हटले आहे. कारणे कळवली होती हे सिद्ध करण्याचा भार पोलिसांवर आहे.

अर्धविराम

म्हणजे तो कामगार त्या दिवशी सुटला आणि प्रकरण संपले?

कोर्टनाका

सुटला तरी प्रकरण संपत नाही. भाषणात हे ठळकपणे यावे, कारण येथेच लोकांची निराशा होते. अटक बेकायदेशीर ठरली, तरी तपास, पुढील दोषारोपपत्र आणि खटला यांना धक्का लागत नाही. नोव्हेंबरच्या निकालात असेही आहे की, सोडून दिल्यानंतर पोलीस लेखी कारणे देऊन, आवश्यकता दाखवून, पुन्हा कोठडीचा अर्ज करू शकतात आणि दंडाधिकाऱ्यांनी त्यावर शक्यतो आठवड्याच्या आत निर्णय द्यायचा आहे.

दुसरी मर्यादा अशी की, हा निकाल पुढील अटकांसाठी आहे. ६ नोव्हेंबर २०२५ पूर्वीच्या अटकेत लेखी कारणे नव्हती एवढ्यावर सुटका मिळेल, असे मी कोणाला सांगणार नाही. तेथे अंमलदारसाहेबांनी सांगितलेला नुकसानीचा प्रश्न सरकारी वकील नक्की उपस्थित करतात. दोन्ही निकाल दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठांचे आहेत, त्यामुळे हा युक्तिवाद नव्या अटकांमध्येही ऐकायला मिळाला, तर मला आश्चर्य वाटणार नाही.

निवृत्त अंमलदार

या एका परिच्छेदावर आपले एकमत झाले, याची नोंद ठाणे दैनंदिनीत घ्यावी.

घणसोलीकर

सर्वांच्या सूचनांनंतर भाषणाचा तो भाग असा केला आहे :

"हा कागद हातात घेतल्यावर त्यातील नाव झाकून पाहा. उरलेला मजकूर कोणालाही लागू पडत असेल, तर तुम्हाला कारणे मिळालेली नाहीत. तुम्ही काय केले असे पोलीस म्हणतात, कधी, कोठे, आणि तसे ते कशावरून म्हणतात, हे त्यात असले पाहिजे आणि ते तुम्हाला कळणाऱ्या भाषेत असले पाहिजे. आपल्या कामगाराला तीन वाजता न्यायालयात उभे करायचे असेल, तर हा कागद एक वाजेपर्यंत त्याच्या हातात पडला पाहिजे. दोन वाजून चाळीस मिनिटांनी न्यायालयाच्या जिन्यात दिला, तर तो उशिरा दिला. अटकेच्या वेळी धक्काबुक्की करू नका. न्यायालयात साहेबांनी 'काही तक्रार आहे का' असे विचारले, की गप्प राहू नका. 'मला कारणे लेखी मिळाली नाहीत' किंवा 'मला समजत नाही अशा भाषेत मिळाली' एवढे स्वतःच्या तोंडाने सांगा. वकील नसेल, तर सरकारी खर्चाने वकील मागा. कोठडीतील माणसाला तो मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. घरच्यांनी १५१०० या क्रमांकावर विधी सेवा प्राधिकरणाशी संपर्क साधावा."

यात आणखी काही हवे का?

कोर्टनाका

चांगले झाले आहे. दोन गोष्टी जोडाव्यात. साहेबांनी विचारले नाही, तरी सांगावे, कारण गर्दीच्या दिवशी विचारायचे राहून जाते. तसेच ही तक्रार न्यायालयाच्या रोजनाम्यात नोंदवण्याची विनंती करावी, कारण वर दाद मागताना पहिल्या हजेरीतच आक्षेप घेतला होता का, हे पाहिले जाते.

रात्रपाळी

सहीबद्दल सांगा. माझ्या भावाने मिळेल त्या कागदावर सही केली आणि नंतर तोच कागद 'कारणे समजली' म्हणून दाखवला गेला. सही नाकारली तर मार बसेल, अशी भीती असते, हे शिबिरातल्या बायकांनाही ठाऊक आहे.

निवृत्त अंमलदार

सही नाकारायला सांगू नका, ताईंचे म्हणणे खरे आहे. सहीखाली तारीख आणि कागद हातात पडल्याची वेळ आपल्या हाताने लिहावी. ती वेळ नंतर कोणाला बदलता येत नाही, कारण अक्षर दुसऱ्याचे असते. माझ्या हाताखालच्या मुलांना हे आवडले नसते, पण मीही आरोपीच्या जागी असतो तर हेच केले असते.

सानपाडा सेक्टर पाच

ज्यांना लिहिता येत नाही, त्यांनी अंगठा दिल्यावर वेळ कोणी लिहायची?

कोर्टनाका

पंचनाम्यावर सही करणाऱ्या साक्षीदाराने लिहावी, असे मी सुचवेन, पण त्याला तसे बंधन नाही. कुटुंबातील कोणी साक्षीदार म्हणून हजर असेल, तर हे सहज होते, म्हणून साक्षीदार घरचा असावा अशी विनंती करावी. घरचे कोणी पोहोचलेच नाही, तर वेळेचा प्रश्न दंडाधिकाऱ्यांसमोर तोंडी सांगण्यावरच राहतो.

घणसोलीकर

हे तिन्ही मुद्दे घातले. वेळ वीस मिनिटांच्या पुढे जात असल्याने महिलांच्या अटकेचा भाग पुढच्या शिबिरासाठी ठेवतो आणि सूर्यास्तानंतरच्या अटकेला लागणाऱ्या दंडाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीबद्दल तेव्हा वेगळा धागा काढतो.